पाच प्रयत्न, एक निकाल आणि माझी एक माफी

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला मुरबाडहून फोन आला. पलीकडून नुसता आवाज, "भाई, झालं." मी विचारलं, "काय झालं?" कारण गेल्या काही वर्षांत या माणसाचे इतके निकाल ऐकले होते, की 'झालं' म्हणजे नक्की काय याची खात्री वाटेना. तो म्हणाला, "नाव आलं यादीत. राज्य कर निरीक्षक." मग दोघंही गप्प. मागे त्याच्या अम्मीचा रडण्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी पोरगं विचारत होतं, मिठाई कधी आणणार.

त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्यानेच तसं बजावलंय. मुरबाड तालुक्यातला आहे, माझा कॉलेजपासूनचा दोस्त, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गट-ब अराजपत्रित परीक्षा पाचव्या प्रयत्नात पास झालाय. एवढी ओळख पुरे.

आता अभिनंदनाचे मेसेज सुरू झालेत. 'जिद्द असावी तर अशी', 'मेहनतीला पर्याय नाही', 'समाजाचं नाव रोशन केलं'. यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखतो. हेच लोक तीन वर्षांपूर्वी त्याच्या अब्बांना मशिदीबाहेर थांबवून विचारत होते, "पोराचं अजून चाललंय का ते?" त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही, कारण त्या रांगेत मीही होतो. ते पुढे सांगतो. आधी हे सांगायचंय की या मेसेजमध्ये ज्याला जिद्द म्हणतात, ती मी जवळून पाहिलीय आणि ती तशी दिसत नव्हती. ती बरीचशी हिशेबाच्या वहीसारखी दिसायची.

आपल्याला पहिल्या प्रयत्नाच्या गोष्टी फार आवडतात. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा, रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख २०१५ च्या यूपीएससीत पहिल्याच प्रयत्नात ३६१ वा आला, वय अवघं २१. पुण्यात खोली मिळावी म्हणून त्याला दोस्ताचं हिंदू नाव सांगावं लागलं, हेही सगळ्यांना माहीत आहे. ती गोष्ट मोठी आहे यात वाद नाही. पण प्रत्येक घरात ती काठीसारखी वापरली जाते, 'बघ, त्याने एका फटक्यात केलं'. चौथ्या-पाचव्या वेळेला यादीत येणाऱ्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिच्यात मध्ये मध्ये फार कंटाळवाणी वर्षं आहेत. मला आज त्या कंटाळवाण्या वर्षांबद्दलच लिहायचंय.

पहिल्या प्रयत्नापासून सुरुवात करतो. २०१९ च्या मार्चमधली पूर्वपरीक्षा. शंभर प्रश्न, शंभर गुण, एक तास. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यातच वाचायचं आणि गोलही काळा करायचा. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जातो. त्याने ९२ प्रश्न सोडवले आणि खुश होऊन बाहेर आला. "आठच राहिले रे," म्हणाला. आयोगाची उत्तरतालिका आली तेव्हा उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी घेऊन बसला. ५५ बरोबर, ३७ चूक. ३७ चे पाव म्हणजे सव्वानऊ. हातात आले पावणेसेहेचाळीस. यादी लागली तेव्हा तो बराच खाली होता.

इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं. पुढे बहुतेक जण म्हणतात 'अभ्यास कमी पडला' आणि तीच पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात. यानेही आधी तेच केलं. मग एक दिवस माझ्याकडे शहापूरला आला असताना तीच प्रश्नपत्रिका काढून आम्ही चुकांचं वर्गीकरण करत बसलो. मला परीक्षेतलं काही कळत नाही, पण दुकानाचा हिशेब कळतो. तोटा कुठे होतोय ते आधी शोधायचं.

३७ चुकांमध्ये १६ अशा निघाल्या, की दोन पर्यायांत अडकून त्याने एक निवडला आणि तो चुकला. हा खरा अभ्यासातला कच्चेपणा. पण नऊ चुका अशा होत्या की उत्तर त्याला येत होतं! आयोगाचे प्रश्न ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक असेल, 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?' घाईत तो 'अ' डोळ्यांतून निसटतो आणि माणूस योग्य विधान शोधून मोकळा होतो. नऊ वेळा हे झालं होतं. येणारं उत्तर चुकलं की गुण तर जातोच, वर पाव दंड, म्हणजे एका प्रश्नामागे सव्वा गुणाचा फरक. नऊ प्रश्नांचे सव्वाअकरा गुण, त्या एका 'अ'पायी गेलेले.

उरलेल्या बारा चुका निव्वळ अंदाजाच्या. असे एकूण पंधरा प्रश्न त्याने डोळे मिटून ठोकले होते. तीन लागले, बारा चुकले. तीन गुण मिळाले, बाराचे पाव म्हणजे तीन गुण कापले गेले. बाकी शून्य. आता कोणी म्हणेल, शून्यच ना, तोटा तर नाही झाला. गणिताने तसंच आहे. चार पर्यायांतून डोळे झाकून मारलं तर सरासरीने फार काही मिळत नाही आणि फार काही जातही नाही. तोटा गुणांचा नव्हता, वेळेचा होता. पंधरा प्रश्न वाचून, घुटमळून, शेवटी ठोकण्यात त्याची सात-आठ मिनिटं गेली. आणि जे आठ प्रश्न सुटले होते ते होते शेवटचे, अंकगणिताचे. काळ-काम-वेग, शेकडेवारी. हे त्याला झोपेतही येतात, शिकवण्या घेतो तो. येणारे आठ प्रश्न कोरे राहिले, कारण न येणाऱ्या पंधरांमध्ये वेळ गेला.

त्या दिवसापासून त्याची पद्धत बदलली. पेपर हातात आला की अंकगणित आधी. 'अयोग्य' शब्द दिसला की पेन्सिलीने 'अ'भोवती गोल. एकही पर्याय खोडता येत नसेल तर तो प्रश्न सोडून पुढे, मागे वळून बघायचं नाही. एक तरी पर्याय नक्की खोडता आला तर उरलेल्या तिघांत मारायला हरकत नाही, दोन खोडता आले तर मारायचंच. घरी सराव करताना घड्याळ ५५ मिनिटांचं लावायचं. पुढच्या एका पूर्वपरीक्षेत त्याने ९२ ऐवजी ८५ च प्रश्न सोडवले. ६३ बरोबर, २२ चूक, साडेसत्तावन्न गुण. सात प्रश्न कमी सोडवून पावणेबारा गुण जास्त. याला लोक नशीब म्हणाले.

पण त्या पुढच्या परीक्षेपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते ऐका. २०२० ची गट-ब पूर्वपरीक्षा मे २०२० मध्ये व्हायची होती. कोविड आला, पुढे गेली. ऑक्टोबरची तारीख आली, मग २२ नोव्हेंबर. तीही गेली, कारण मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली होती आणि जागांचं काय करायचं ते ठरेना. मग ११ एप्रिल २०२१. दोन दिवस आधी पुन्हा पुढे. शेवटी परीक्षा झाली ती ४ सप्टेंबर २०२१ ला. एक प्रयत्न म्हणून मोजायचा, पण त्यात सोळा महिने नुसते तारखांमध्ये गेले.

तारीख पुढे गेली की अभ्यासाला जास्त वेळ मिळतो, असं बाहेरच्याला वाटतं. इतिहास-भूगोल जागेवर राहतात हे खरं. पण चालू घडामोडी शिळ्या होतात. मार्च २०२० पर्यंतची त्याची वही तयार होती, पाठ होती. सप्टेंबर २०२१ च्या पेपरला तिचा काय उपयोग? अशा तीन वह्या झाल्या. त्यातली पहिली अम्मीने भाजीवाल्याला द्यायला काढली तेव्हा त्याने हिसकावून घेतली. दुसरी त्याने स्वतःच दिली.

त्यात ३० डिसेंबर २०२० ला आयोगाने प्रयत्नांवर मर्यादा घातली. खुल्या प्रवर्गाला सहा, ओबीसींना नऊ, अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही. हा खुल्या प्रवर्गातला. (इथे एक गैरसमज दूर करतो, आमच्यातल्याही अनेकांचा असतो. मुसलमान म्हणून राज्याच्या नोकऱ्यांत आरक्षण नाही. ज्या मुस्लिम जाती ओबीसी यादीत आहेत त्यांनाच ते मिळतं.) त्या दिवसापासून तो बोटं मोजायला लागला. पुढे २०२२ मध्ये आयोगाने ती मर्यादा मागे घेतली, पण मधल्या काळात प्रत्येक फॉर्म भरताना 'हा भरू की राखून ठेवू' हा प्रश्न त्याच्यापुढे असायचा.

मुरबाडला रेल्वे नाही. त्यामुळे ठाण्याचं केंद्र आलं की तो आदल्या दिवशी एसटीने माझ्याकडे शहापूरला मुक्कामाला यायचा. आसनगाव स्टेशन जवळ, पहाटेची लोकल पकडली की ठाण्याला वेळेत. अकराच्या पेपरला साडेनऊपर्यंत केंद्रावर हजर राहावं लागतं. मी फजरला उठायचो तेव्हा हा अंगणात बसलेला, हातात वालंबेंचं व्याकरण. माझी आई त्याला डब्यात भाकरी आणि अंड्याची पोळी बांधून द्यायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "पाणी घेतलंस का?" शहापुरातल्या बाईला पाण्याची आठवण आधी येणारच. भातसा, तानसा, वैतरणा आमच्या भागातली, पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर फिरतात. परीक्षा सहसा रविवारी, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. जाताना गाडी मिळायची, येताना ठाण्याला प्लॅटफॉर्मवर दोन-दोन तास. तिथे बसून त्याच्या डोक्यात अख्खा पेपर पुन्हा सोडवून व्हायचा. घरी येईपर्यंत तो मनाने नापास झालेला असायचा.

आता ती गोष्ट. तिसऱ्या प्रयत्नात पूर्व पार पडली, मुख्य परीक्षा दिली. मुख्यला दोन पेपर, दोन्हींत शंभर प्रश्न, दोनशे गुण. पहिला मराठी-इंग्रजीचा, दुसरा सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि पदाशी संबंधित विषयांचा. कर निरीक्षकाला मुलाखत नसते, त्यामुळे लेखीत जे मिळेल तेच. निकाल लागला आणि हा दीड गुणाने हुकला. मुख्यमध्ये एक प्रश्न दोन गुणांचा, चुकला तर अर्धा जातो. म्हणजे चुकलेलं एखादं उत्तर बरोबर आलं असतं तर अडीच गुणांचा फरक पडला असता. दोनशेपैकी एक गोल वेगळा काळा केला असता तर तेव्हाच काम झालं असतं.

त्या संध्याकाळी मी मुरबाडला गेलो. त्याचा धाकटा भाऊ गॅरेज चालवतो. घराचा खर्च तोच बघत होता, याची अभ्यासिकेची फीही तोच भरत होता. बहिणीचं लग्न ठरत होतं. आणि याचं स्वतःचं एक ठिकाण मोडलं होतं. मुलीकडचे म्हणाले होते, 'पोरगा चांगला आहे, पण करतो काय?' हे सगळं डोक्यात ठेवून मी त्याला म्हणालो, "पुरे आता. भिवंडीला माझ्या ओळखीच्या गोदामात हिशेबाचं काम आहे, उद्यापासून ये." तो काही बोलला नाही. चहा संपवला, मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला आणि गाडीत चढताना म्हणाला, "तू तरी असं बोलू नकोस." मग चार महिने आमचं बोलणं नव्हतं.

आज तो पास झाला म्हणून माझा सल्ला मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे, पण खोटं आहे. त्याच्याबरोबर त्याच अभ्यासिकेत बसणारा आमचा आणखी एक दोस्त दोन प्रयत्नांनंतर बाहेर पडला, आज त्याचा टेम्पो आहे, दोन पोरं आहेत, मजेत आहे. त्याच्यात जिद्द कमी होती का? मला तसं दिसलं नाही. जागा शेकड्यांत आणि बसणारे लाखांत, तेव्हा बहुसंख्य लोक बाहेरच राहणार. हे ठाऊक असताना दोस्ताला 'थांब' म्हणणं गुन्हा नाही.

माझं चुकलं ते दुसरीकडे. मी प्रयत्न मोजले, गुण पाहिले नाहीत. त्याच्या वहीत तिन्ही वर्षांचे आकडे होते. पहिल्यात पूर्वमध्येच बाहेर. दुसऱ्यात मुख्यपर्यंत, पण बरंच मागे. तिसऱ्यात दीड गुण. माणूस दरवेळी कड्याच्या जवळ सरकत होता आणि मी त्याला 'तीनदा नापास' असं एकाच मापाने मोजत होतो. तीच वही मीच त्याला करायला लावली होती, म्हणून जास्त लागतं. तिन्ही वर्षं आकडा जिथल्या तिथे राहिला असता तर माझा सल्ला बरोबर ठरला असता. घरात कोणी या परीक्षांना बसलेलं असेल, तर 'कितवा प्रयत्न' याऐवजी 'गेल्या वेळेपेक्षा किती' हे विचारून बघा. उत्तर येत नसेल किंवा आकडा हलत नसेल, तेव्हा गोदामाचा विषय काढायला हरकत नाही.

चौथ्या वेळेला तो पुन्हा पूर्वमध्येच अडकला, ताप होता. पाचव्याला पार पडला. मुख्यमध्ये सगळ्यात जास्त गुण कशात पडले सांगू? मराठी व्याकरणात. घरी आमची कोकणी बोली, शाळेत मराठी, मशिदीत उर्दू, आणि हा प्रयोग, समास, वाक्यपृथक्करण एखाद्या जुन्या मास्तरासारखं सांगतो. त्याच्या अम्मीला याचा नोकरीपेक्षा जास्त अभिमान आहे.

मुरबाडच्या नाक्यावर फ्लेक्स लावायला काही मंडळी आली होती, त्याने हात जोडले. एका क्लासचाही फोन आला, जाहिरातीसाठी फोटो पाठवा म्हणून. त्या क्लासशी याचा संबंध एवढाच, की एकदा त्यांची सराव चाचण्यांची मालिका विकत घेतली होती. त्याने सांगितलं, "फोटो लावायचा तर माझ्या भावाचा लावा, फी त्याने भरलीय." फोन ठेवला गेला.

अजून नोकरी मिळालेली नाही, हेही लोकांना सांगावं लागतंय. आधी सर्वसाधारण गुणवत्ता यादी, मग पदांचा पसंतीक्रम, मग तात्पुरती निवड यादी, मग ज्यांना दुसरीकडे जायचंय त्यांच्यासाठी भरतीतून बाहेर पडण्याचा विकल्प, मग अंतिम निकाल. एवढं झाल्यावर आयोग फक्त शिफारस करतो. नेमणूक देतो तो वस्तू व सेवा कर विभाग, कागदपत्रं तपासून, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी करून. या मधल्या काळात घर चालवायचं कसं, याचं उत्तर कुठल्याच यादीत नसतं. २०२१ च्या जूनमध्ये पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या एका तरुणाने जीव दिला, तोही पूर्व आणि मुख्य पास होऊन मुलाखतीची वाट बघणारा होता. म्हणून मी याला म्हटलं, शिकवण्या बंद करू नकोस, हुकूम हातात पडेपर्यंत पोरं येऊ देत. यावेळी त्याने ऐकलं.

काल तो शहापूरला आला होता. पेढे आईच्या हातात दिले, मला दिला तो साक्षांकनाचा फॉर्म. त्यात उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं लागतात. एका ओळीत त्याच्या शाळेतल्या सरांचं नाव होतं, दुसरीत माझं. त्याने ते आधीच लिहून आणलं होतं, विचारलंही नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोललो, त्याची माफी मागायची होती." तो म्हणाला, "पत्ता बरोबर आहे का बघ आधी, पिनकोड चुकला तर पोलीस दुसऱ्याच घरी जातील." पिनकोड बरोबर होता.